काट्याचं सॉफ्टवेअर आणि परवान्याची यादी: राळेगावच्या एका छोट्या कंपनीचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावला आमची दोघांची कंपनी आहे. मी कोड लिहिते आणि माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो कापसाच्या जिनिंग कारखान्यांवर, म्हणजे जिनाजिनावर, जाऊन सॉफ्टवेअर बसवतो, मुनिमांना शिकवतो, बिघडलं की मोटारसायकल काढतो. आमचं विकाऊ उत्पादन एकच. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरमधून केबलनं वजन संगणकात येतं. भरलेल्या गाडीचं वजन, मग खाली गाडीचं वजन, निव्वळ क्विंटल, त्या दिवसाचा भाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात मराठीत छापलेली चुकारा पट्टी. एका काट्याचे 22,000 रुपये आणि दरवर्षी देखभालीचे 5,000. हे प्रकरण घडलं तेव्हा नऊ जिनांवर ते चालू होतं.

ऑगस्टच्या शेवटी, पऱ्हाटीला पात्या धरल्या होत्या तेव्हा, चार जिन असलेल्या एका गटाकडून विचारणा आली. त्यांना चारही ठिकाणी आमचं सॉफ्टवेअर हवं होतं. त्यांचा हिशेब पाहणाऱ्या नागपूरच्या फर्मनं खरेदीच्या कागदात एक ओळ घातली होती: उत्पादनात बाहेरचे कोणते सॉफ्टवेअर घटक वापरले आहेत आणि प्रत्येकाचा परवाना कोणता, याची सही केलेली यादी द्यावी. दिवाळीच्या आसपास आवक सुरू होते. म्हणजे हातात दोन महिने.

दादा म्हणाला, "दे ना वं लिहून, सगळं ओपन सोर्स हाय म्हणून. फुकटच तं घेतलं आपण."

फुकट मिळालं हे खरं होतं. त्या फुकट मिळालेल्यासोबत आलेला कागद मात्र मी तीन वर्षांत एकदाही नीट वाचला नव्हता. सही करायची म्हणून वाचायला बसले.

यादी करताना काय सापडलं

प्रोग्राम पायथनमध्ये आहे. पायथनच्या पॅकेजांचे परवाने एका आज्ञेत दिसतात:

```
pip install pip-licenses
pip-licenses --from=mixed --format=markdown
```

ही आज्ञा त्याच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवायची जिच्यातून विकायची प्रत तयार होते. मी आधी माझ्या नेहमीच्या पायथनवर चालवली आणि प्रयोगापुरती टाकलेली चाळीसेक पॅकेजं त्यात आली. ती यादी कोणाच्याच कामाची नव्हती.

खऱ्या यादीतली बरीच नावं निर्धास्त निघाली. काट्याशी बोलणारं `pyserial` बीएसडी परवान्याचं, एक्सेल फाइल काढणारं `openpyxl` एमआयटीचं. दोन ओळींवर मात्र हात थांबला. खिडक्या-बटणं दाखवणारं `PyQt5` जीपीएल 3 या, मूळ कोड देण्याची अट घालणाऱ्या परवान्याखाली होतं, आणि पट्टीची पीडीएफ छापण्याआधी पडद्यावर दाखवणारं `PyMuPDF` त्याहून कडक एजीपीएल 3 खाली. दोन्हींचे मालक पैसे घेऊन वेगळा व्यापारी परवानाही देतात. आम्ही तो घेतला नव्हता.

ही आज्ञा फक्त पॅकेजं पाहते. चुकारा पट्टीसाठी सोबत दिलेला नोटो सान्स देवनागरी फाँट तिला दिसला नाही. आणि दिसलं नाही ते माझं जुनं पाप: इंडिकेटरकडून सतत येणाऱ्या अक्षरांच्या माळेतून वजन वेगळं काढणारं फंक्शन. ते मी गिटहबवरच्या कोणाच्या तरी भांडारातून जसंच्या तसं उचललं होतं. परत जाऊन पाहिलं तर त्या भांडारात परवान्याची फाइलच नव्हती.

परवाना नाही म्हणजे बंधन नाही, असं मीही समजत होते. कायदा उलट आहे. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो, आणि लेखकानं काही लिहून दिलं नाही तर सगळे हक्क त्याच्याकडेच राहतात. कोड जगाला दिसतो म्हणून तो घेऊन विकायची मुभा मिळत नाही. म्हणजे जीपीएलवाल्या `PyQt5`पेक्षा ही चाळीस ओळींची फाइल जास्त अडचणीची होती, कारण तिथं पाळायला अटसुद्धा नव्हती. ती मी त्याच दिवशी काढली आणि इंडिकेटरच्या कंपनीनं दिलेल्या माहितीपुस्तिकेत संदेशाची रचना पाहून, जुना कोड न उघडता, नव्यानं लिहिली. अर्धा दिवस लागला.

जीपीएल विकायला मनाई करत नाही

दादाला समजावताना सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला. त्याला वाटलं जीपीएलचं काही वापरलं की पैसे घेता येत नाहीत. तसं नाही. जीपीएल खालची प्रत तुम्ही कितीही पैशांना विकू शकता. अट वेगळी आहे: ज्याला चालवायची प्रत दिली त्याला, जीपीएल घटक जोडून झालेल्या त्या पूर्ण प्रोग्रामचा मूळ कोड जीपीएल खालीच मिळाला पाहिजे. त्यानं तो बदलावा, दुसऱ्याला द्यावा, यावर आपण बंधन घालायचं नाही.

"म्हणजे आपला कोड साऱ्या दुनियेले द्या लागते का?"

दुनियेला नाही. ज्याच्या हातात प्रत गेली त्याला. पण तो पुढे ज्याला देईल त्याला देऊ शकतो, आणि आपण त्याला अडवू शकत नाही. एका काट्यामागे एक परवाना-चावी हे आमचं विक्रीचं गणित त्यात बसत नाही, कारण जीपीएलनं दिलेले हक्क वापरण्यासाठी वेगळं शुल्क मागता येत नाही. कोणी चावीची तपासणी कोडमधून काढून टाकली तर ते त्याच्या हक्कातलं होईल.

अट लागू होते ती प्रत दुसऱ्याला देण्यावर. हाच प्रोग्राम आम्ही आमच्याच काट्यावर, आमच्याच संगणकावर चालवला असता तर जीपीएलनं काहीच मागितलं नसतं. म्हणून वेबसाइटच्या सर्व्हरवर जीपीएल घटक चालवणाऱ्यांना सहसा ही अट गाठत नाही. वापरणाऱ्याला पान दिसतं, प्रत मिळत नाही. एजीपीएल नेमकी ती फट बुजवते. एजीपीएल घटक बदलून किंवा आपल्या प्रोग्रामात मिसळून तो नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिला, तर त्या लोकांनाही मूळ कोड मिळण्याची सोय ठेवावी लागते. जिन मालकाला फोनवर दिवसाची आवक दिसावी असं पान पुढच्या हंगामात करायचं आमच्या मनात होतं, आणि पट्टीची प्रतिमा त्यातही मी `PyMuPDF`नंच काढणार होते. त्या घटकाला मी अधिक घाबरले ते यासाठी.

आणखी एक गैरसमज मीच करून घेतला होता: जीपीएल मोडली की आपला कोड आपोआप सगळ्यांचा होतो. होत नाही. अट मोडली की त्या घटकाची प्रत वाटायचा आपला परवाना संपतो, आणि त्यानंतरचं वाटप हा साधा कॉपीराइट भंग ठरतो. तो मिटवायला कोड उघडायचा, व्यापारी परवाना घ्यायचा की घटक काढायचा, हे आपल्या हातात राहतं. हे कळल्यावर आमचं डोकं थोडं शांत झालं, कारण समोर एक नव्हे, तीन वाटा दिसल्या.

कोड उघडायची वाट दादाला मान्य नव्हती आणि त्याचं म्हणणं मला पटलं. आमची कमाई सॉफ्टवेअरच्या प्रतीवर आहे. देखभालीवर घर चालेल इतके ग्राहक अजून नाहीत. व्यापारी परवान्याची वाट सरळ होती, पण दोन वेगळ्या मालकांकडे जावं लागलं असतं आणि परकीय चलनात खर्च आला असता. मी तिसरी निवडली: दोन्ही घटक काढायचे. `PyQt5` ज्या क्यूटी लायब्ररीवर बसलेलं आहे, तिच्यावर बसणारं दुसरं पायथन पॅकेज आहे, `PySide6`, आणि ते एलजीपीएल 3 खाली मिळतं. एलजीपीएलमध्ये लायब्ररी तिच्या अटीत राहते आणि आपला स्वतःचा कोड बंद ठेवता येतो.

बदली करताना लागलेले खड्डे

कोड बदलायला बारा दिवस गेले. बराचसा भाग नावांचा होता: `pyqtSignal`च्या जागी `Signal`, `exec_()`च्या जागी `exec()`, असं. `PyMuPDF`ची गरजच संपली, कारण क्यूटीमध्ये छपाईपूर्व दर्शनाची खिडकी, `QPrintPreviewDialog`, तयार आहे आणि पीडीएफ `QPdfWriter` काढतो. त्यात मराठीचा फायदाही झाला. देवनागरीची जोडणी न समजणाऱ्या पीडीएफ लायब्ररीतून मी पूर्वी पट्टी काढून पाहिली होती. "क्विंटल"मधली वेलांटी चुकीच्या जागी आणि "पऱ्हाटी"मधला अर्धा र सुटा पडायचा. क्यूटी आतून अक्षरांची जोडणी करणारी हार्फबझ लायब्ररी वापरते, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात.

मग मी चूक केली. `PySide6` एलजीपीएलचं आहे म्हणजे त्यातलं सगळं एलजीपीएलचं, असं धरलं. महिन्याच्या आवकेचा आलेख मी `QtCharts`नं काढला होता आणि तो तसाच पुढे नेला. क्यूटीचे काही भाग मुक्त रूपात फक्त जीपीएल 3 खाली दिले जातात, आणि क्यूटी चार्ट्‌स त्यातला एक आहे. `pip-licenses`च्या यादीत हे कळणार नाही; तिथं पूर्ण पॅकेजसमोर परवान्यांची एक जोडओळ येते. क्यूटीच्या दस्तऐवजात त्या-त्या मॉड्यूलच्या पानावर परवाना लिहिलेला असतो, तो एकेक करून वाचावा लागतो. दहा-बारा खांबांच्या आलेखासाठी पूर्ण उत्पादन परत जीपीएलमध्ये ओढलं गेलं असतं. तो आलेख मी `QPainter`नं हातानं काढला. पूर्वीइतका देखणा नाही, पण मुनिमांना जे बघायचं ते दिसतं.

दुसरी गोष्ट मी कोडात वापरलीच नव्हती, तरी ती पेनड्राइव्हवर जाणार होती. पायथन प्रोग्राम ग्राहकाला देण्यासाठी बांधणाऱ्या पायइन्स्टॉलरनं तयार केलेल्या फोल्डरमधल्या फायली एकेक वाचताना `Qt6VirtualKeyboard.dll` दिसली. पडद्यावरचा कळफलक. तोही मुक्त रूपात जीपीएलचाच. पायइन्स्टॉलर क्यूटीचे प्लगइन आपणहून गोळा करतो आणि ही फाइल त्यांच्यासोबत आली होती. आपण वापरतो की नाही हा प्रश्नच नाही. आपण तिची प्रत देतो आहोत, एवढं पुरेसं आहे. उपाय सोपा होता. `PySide6` दोन भागांत मिळतं, आणि मला लागणारं सगळं पहिल्या भागात होतं:

```
pip uninstall PySide6 PySide6_Addons
pip install PySide6_Essentials
pyinstaller --onedir kata.py
```

त्यानंतर फोल्डर पुन्हा वाचला आणि ती फाइल गेल्याची खात्री केली. माझा आता नियमच आहे: यादी पॅकेजांवरून सुरू करायची, पण सही करायची ती ग्राहकाला जाणाऱ्या फोल्डरमधली प्रत्येक `.dll` पाहून.

पायइन्स्टॉलर स्वतः जीपीएलचा आहे, हे वाचून दादा परत दचकला. त्याच्या परवान्यात खास अपवाद लिहिलेला आहे: त्यानं बांधलेला प्रोग्राम तुम्ही हव्या त्या अटीवर वाटू शकता. अशा अपवादाचा मजकूर शब्दशः वाचून, त्याची प्रत आपल्या फाइलीत लावून ठेवायची.

एलजीपीएल काय मागते

वरच्या आज्ञेतला `--onedir` हा शब्द महत्त्वाचा आहे. आधी आम्ही सगळं एकाच `.exe`मध्ये कोंबून देत होतो. पेनड्राइव्हवरून एक फाइल टाकली की काम झालं, दादाला ते फार सोयीचं होतं. एलजीपीएल 3च्या चौथ्या कलमाचा गाभा असा, की ग्राहकाला लायब्ररीची स्वतः बदललेली प्रत तुमच्या प्रोग्रामाखाली घालून चालवता आली पाहिजे. लायब्ररी वेगळ्या `.dll` फायलींत असेल तर तो जुनी काढून नवी ठेवतो. एकाच फाइलीत कोंबलेली असेल तर प्रोग्राम दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये ती उलगडतो आणि बंद करताना पुसून टाकतो. ग्राहकानं बदलायचं कुठं? एक-फाइल पद्धतीतही अट पुरी करण्याच्या युक्त्या काढता येतात, पण मला वाद नको होता. फोल्डरच दिलं.

याच कलमानं आमची आणखी एक गोष्ट पकडली. चोरी थांबावी म्हणून प्रोग्राम सुरू होताना सगळ्या फायलींची तपासणी करत होता; एकही बाइट बदलला असेल तर उघडायचाच नाही. म्हणजे कागदावर क्यूटी बदलायचा हक्क आणि प्रत्यक्षात दार बंद. ती तपासणी मी आमच्या स्वतःच्या फायलींपुरती ठेवली आणि क्यूटीच्या फायली वगळल्या. मग खरंच चालतं का ते पाहायला क्यूटीची त्याच मालिकेतली नंतरची आवृत्ती घेऊन तिच्या `.dll` फायली फोल्डरमध्ये ठेवल्या. प्रोग्राम उघडला, पट्टी छापली गेली.

आमचा करारनामा दुरुस्त करावा लागला. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यात "या सॉफ्टवेअरच्या कोणत्याही भागाचे उलट-अभियांत्रिकी विश्लेषण करण्यास मनाई आहे" असं वाक्य होतं. लायब्ररीत केलेला बदल तपासण्यासाठी लागणारं असं विश्लेषण एलजीपीएल अडवू देत नाही. आता ते वाक्य असं आहे: "ही मनाई सोबतच्या यादीतील मुक्त परवान्याच्या घटकांना, तसेच त्या घटकांतील बदल तपासण्यासाठी आवश्यक असलेल्या विश्लेषणाला लागू नाही. त्या घटकांचे हक्क त्यांच्या मूळ लेखकांकडे असून त्यांचे परवाने सोबत जोडले आहेत." पूर्वी त्याच कागदावर "या सॉफ्टवेअरचे संपूर्ण हक्क आमच्याकडे राखीव" असंही लिहिलं होतं. ते खोटं होतं आणि मला त्याची खंत वाटते. पट्टीवर जी जोडाक्षरं नीट उमटतात ती दुसऱ्यांच्या कष्टाची आहेत.

मूळ कोडाचा प्रश्न राहिला. क्यूटी आणि `PySide6` आम्ही बदलल्या नसल्या तरी त्यांच्या चालवायच्या प्रती आम्ही देतो, म्हणून त्याच आवृत्तीचा त्यांचा मूळ कोड मिळण्याची सोय आमच्यावर येते. प्रत डाउनलोडनं दिली असेल तर मूळ कोडही तसाच डाउनलोडला ठेवणं चालतं, किंवा प्रत वस्तुरूप माध्यमावर दिली असेल तर लेखी हमीपत्र चालतं. ते किमान 3 वर्षं, आणि त्यापुढेही त्या मॉडेलची देखभाल चालू असेपर्यंत पाळावं लागतं. आमचे ग्राहक पेनड्राइव्हवर प्रत घेतात. वडकीच्या बाजूच्या कितीतरी जिनांवर मोबाइलचं नेट दिवसातून अर्धा वेळ नसतं. म्हणून सगळ्यात जुनी, सरळ सोय निवडली: मूळ कोड त्याच पेनड्राइव्हवर. हमीपत्र सांभाळायचं ओझं नाही आणि कोणाचं पान बंद पडेल ही भीती नाही.

```
KATA/
  kata.exe
  _internal/     (Qt आणि PySide6 च्या .dll)
  licenses/      (सर्व परवाने, THIRD_PARTY.txt)
  source/        (qtbase, qtsvg, pyside-setup)
```

`source`मध्ये नेमकं काय ठेवायचं हे `_internal`मधल्या फायलींवरून ठरवलं. खिडक्या, छपाई, पीडीएफ हे सगळं क्यूटीच्या `qtbase`मध्ये येतं. चित्रांच्या प्लगइनसोबत `Qt6Svg.dll` आली होती म्हणून `qtsvg` लागलं. आमच्या प्रोग्रामला न लागणाऱ्या क्यूटीच्या इतर फायली मी बांधणीतूनच वगळल्या. जितकं कमी द्याल तितक्या कमी कोडाची जबाबदारी.

`licenses`मध्ये एलजीपीएल 3 आणि जीपीएल 3 हे दोन्ही मजकूर हवेत. एलजीपीएल 3 हा जीपीएल 3वर चढवलेल्या सवलतींचा कागद आहे, एकटा पुरत नाही. एमआयटी आणि बीएसडीच्या घटकांची मागणी अगदी थोडी असते: लेखकाची कॉपीराइट ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत राहू द्या. सगळ्यात सोपी अट हीच, आणि आम्ही नऊही ठिकाणी मोडलेली. "मोकळा परवाना" म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. पायथनचा स्वतःचा परवाना, आणि क्यूटीच्या पोटात असलेल्या हार्फबझ, फ्रीटाइप, झेडलिब यांच्या नोंदीही `THIRD_PARTY.txt`मध्ये आल्या. फाँटचा परवाना ओएफएल आहे. सॉफ्टवेअरसोबत तो देता येतो, त्यासाठी वेगळे पैसे नकोत. फक्त फाँट एकटा विकायचा नाही आणि परवाना सोबत ठेवायचा. प्रोग्रामात "माहिती" या खिडकीतही या घटकांची नावं आता दिसतात, कारण आमचं कॉपीराइट वाक्य जिथं दिसतं तिथं एलजीपीएल घटकाचंही दिसावं अशी अट आहे.

जुने नऊ काटे

नवीन गटासाठी सगळं नीट झालं तरी नऊ जिनांवर जुनी प्रत चालू होती. दादाचं म्हणणं, त्यांना कुठं काय कळणार आहे. मी नागपूरच्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी जीपीएल 3चं आठवं कलम समोर ठेवून वाचलं. भंग थांबवला की परवाना तात्पुरता परत मिळतो. थांबवल्यापासून 60 दिवसांत हक्कधारकानं नोटीस दिली नाही तर तो कायमचा परत येतो. आणि नोटीस आलीच, ती त्या हक्कधारकाकडून आलेली पहिलीच असेल आणि ती मिळाल्यापासून 30 दिवसांत चूक दुरुस्त केली, तरीही तो कायमचा परत येतो. एजीपीएल 3मध्येही हेच आहे. बिनपरवान्याच्या त्या चाळीस ओळींना असा कोणताच आधार नव्हता. तिथं जुन्या प्रती बदलणं एवढंच हातात होतं. झालेल्या भंगाबद्दल दावा करायचा हक्क या कलमानं पुसला जात नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे व्यापारी परवाना विकत घेतला तरी मागच्या प्रतींचा हिशेब आपोआप मिटत नाही. तसं त्या करारात लिहून घ्यावं लागतं.

त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं, जी माझ्या डोक्यात आली नव्हती. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब मध्ये, भंग करून तयार झालेली संगणक प्रोग्रामची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही शिक्षा आहे. जिनवाल्यांना आजवर काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही "तुमच्याकडची प्रत बरोबर नाही" असं पत्र पाठवलं आणि प्रत महिनाभरानं बदलली, तर मधला महिना ते माहीत असून वापरत राहतील. आमच्या चुकीत आम्हीच त्यांना ओढू. म्हणून सांगणं आणि बदलणं एकाच भेटीत करायचं ठरलं.

जुनी प्रत देणं त्याच दिवशी बंद केलं आणि ती तारीख लिहून ठेवली. दादानं सप्टेंबरच्या शेवटापासून फेऱ्या सुरू केल्या. प्रत्येक जिनावर डेटाची फाइल आधी बाजूला काढायची, जुना प्रोग्राम आणि त्याच्या पेनड्राइव्हवरच्या प्रती पुसायच्या, नवा बसवायचा, मुनिमाला काय झालं ते सांगायचं, आणि कागदावर त्याची सही घ्यायची. एका मालकानं विचारलं, "याचे पैसे किती भाऊ?" दादा म्हणाला, "चूक आमची व्हती जी, पैसे कायचे." हे त्यानं मला विचारून म्हटलं नव्हतं, पण मी असते तरी तेच म्हटलं असतं.

तीन ठिकाणी काम अडलं. काट्याच्या खोलीतले संगणक विंडोज 7चे निघाले आणि क्यूटी 6ला विंडोज 10 लागतं. त्यांच्यासाठी `PySide2`, म्हणजे क्यूटी 5.15, पायथन 3.8वर वेगळं बांधलं. दोन्हीकडे एकच कोड चालावा म्हणून मध्ये एमआयटी परवान्याचं `QtPy` घातलं. तिथल्या `source` फोल्डरमध्ये मात्र क्यूटी 5.15चा मूळ कोड ठेवावा लागला. दादानं घाईत पहिल्या जिनावर क्यूटी 6चंच फोल्डर टाकलं होतं. दिलेल्या `.dll`ची आवृत्ती आणि मूळ कोडाची आवृत्ती जुळली नाही तर ती अट पाळली असं म्हणता येत नाही. आता बांधणीच्या शेवटी एक छोटी स्क्रिप्ट दोन्ही आवृत्त्या ताडून पाहते आणि न जुळल्यास फोल्डर तयारच होऊ देत नाही.

नव्या गटाला सही केलेली यादी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिली. अकरा ओळी, प्रत्येकीसमोर आवृत्ती, परवाना, आणि पेनड्राइव्हवर त्याचा मजकूर कुठं आहे ते. नागपूरच्या फर्मनं एकच प्रश्न विचारला: पुढची आवृत्ती दिली की यादीही नवी मिळेल का? ते करारात लिहून दिलं. चारपैकी तीन काटे दिवाळीआधी सुरू झाले. चौथ्याचं इंडिकेटर जुनं आहे, त्याचा संदेश वेगळा येतो, आणि त्याची माहितीपुस्तिका मी कंपनीकडून मागवली आहे.